एकट्या राहिलेल्या वडिलांना आपल्या घरी बोलवायचं पत्र: खान्देशातल्या लेकींसाठी

आई गेल्यावर गावात एकट्या राहिलेल्या वडिलांना फोनवर "आमच्याकडे या ना आता" म्हटलं की उत्तर ठरलेलं असतं: "बघू." त्या वेळी ओट्यावर शेजारचे दोघे बसलेले असतात, वडिलांना निम्मं ऐकू येत नाही, आणि लेकीच्या घरी राहायला जाण्याची गोष्ट चारचौघांसमोर बोलायची नसते. म्हणून पत्र लिहायचं. ते सावकाश वाचता येतं, रात्री पुन्हा काढून बघता येतं, आणि नकार द्यायचा असला तरी लगेच द्यावा लागत नाही.

खाली एकच उदाहरण धरून पायऱ्या दिल्या आहेत. वडील ७६ वर्षांचे, अमळनेर तालुक्यातल्या एका गावात, चार एकर कोरडवाहू, कापूस आणि त्यात तूर. दारात एक गाय. मुलगी नाशिकला, नवरा आणि दोन मुलं, दोन खोल्या आणि हॉल. भाऊ सुरतला नोकरीला. आईचं वर्षश्राद्ध आश्विनात होऊन गेलं आहे. तुमचं गाव चोपड्याकडे असेल, शेतात केळी असेल, तर तारखा आणि कामं बदलतील. पत्राचा सांगाडा बदलत नाही.

१. कायमचं बोलावू नका, आखाजीपर्यंत बोलवा

सगळ्या पत्राचा भार या एका गोष्टीवर आहे. "आता इकडेच या" असं लिहिलं की वडिलांच्या डोळ्यांसमोर घराला लागलेलं कुलूप येतं, आणि पुढचं ते वाचतच नाहीत. त्याऐवजी सुरुवात आणि शेवट असलेला काळ सांगायचा.

आपल्याकडे हा काळ शेतीच ठरवून देते. कापसाची शेवटची वेचणी आणि तुरीची मळणी साधारण जानेवारीपर्यंत उरकते. त्यानंतर कोरडवाहू वावर रिकामं असतं. आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशात शेतीचं नवं वर्ष धरतात. सालदाराचं साल तेव्हा संपतं, नवा सालदार तेव्हा ठरतो, जमीन हिश्शाने द्यायची की स्वतः करायची हेही तेव्हाच बोललं जातं. गेलेल्या माणसाची घागरही त्याच दिवशी भरतात. म्हणजे संक्रांत ते आखाजी हे तीन-साडेतीन महिने असे आहेत की वडील गावात नसले तरी शेतीचं काही अडत नाही, आणि शेवटी परत जाण्याला त्यांच्याच दृष्टीने भक्कम कारण आहे. आखाजीला स्वतःच्या घरात, स्वतःच्या माणसांत बसून ते पुढचं ठरवतील.

जूनमध्ये बोलावलं तर पेरणी, श्रावणात कानबाईचे रोट, दिवाळीच्या आसपास वेचणी. या वेळी पाठवलेलं पत्र चांगलं असलं तरी वाया जातं.

एक अडचण मात्र ठरलेल्या वेळीही येते. भाव वाढेल म्हणून बरेच शेतकरी कापूस घरातच भरून ठेवतात. घरात कापूस असेपर्यंत कोणताही शेतकरी घर सोडत नाही, आगीची भीती असते आणि चोरीचीही. म्हणून पत्रात "संक्रांतीनंतर" एवढंच लिहू नका, "कापूस मोजला गेला की" असं लिहा. कापूस कधी विकायचा यावर सल्ला देऊ नका. तो विषय काढला की पत्राचं उत्तर भावाच्या चर्चेत हरवतं.

पत्र मार्गशीर्षात, दत्तजयंतीच्या सुमारास पोहोचेल असं बघा. विचार करायला महिना मिळतो.

२. लिहिण्याआधी तीन माणसांशी बोलणं

पहिला नवरा. "चालेल ना?" असं विचारून होकार घेणं पुरत नाही. वडिलांची खाट कुठे येणार, मुलांचा अभ्यास कुठे सरकणार, सकाळी साडेसहाला बाथरूम कोणाला लागतं, हे बसून ठरवा. पत्राच्या शेवटी त्याच्या हातच्या चार ओळी हव्यात, हे त्याला आत्ताच सांगा. जावयाने स्वतः लिहिल्याशिवाय सासरा येत नाही. लेक मायेपोटी बोलावते, तिच्या घरात तिचं किती चालतं कुणास ठाऊक, हा विचार त्यांच्या मनात असतोच. घरात सासू-सासरे असतील तर त्यांचा स्वतंत्र फोन जायला हवा. व्याह्याचं बोलावणं लेकीच्या तोंडून पोहोचून भागत नाही.

दुसरा भाऊ. याला टाळून पत्र लिहिलं की ते हमखास बिघडतं. "मुलगा असून बाप लेकीकडे राहतो" हे बोलणं गावात त्याला ऐकून घ्यावं लागणार असतं. शिवाय २००५च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत लेकीचाही बरोबरीचा हक्क आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे लेक बापाला घेऊन गेली की कुणीतरी जमिनीचा अर्थ लावतंच. भावाशी बोलताना तीन गोष्टी स्पष्ट करा: किती दिवसांसाठी, आखाजीला परत, आणि या काळात कुठल्याही कागदावर सही होणार नाही. आईच्या नावावर थोडी जमीन किंवा घर असेल आणि वारस नोंद राहिली असेल, तर ती आधी उरकून घ्या. नोंद अर्धवट असताना आणि वडील तुमच्या घरी असताना तलाठ्याकडून एखादी नोटीस निघाली, तर चांगल्या हेतूचंही कोणी ऐकत नाही.

तिसरा माणूस म्हणजे गाय सांभाळणारा. ही चेष्टा नाही. दारात गाय किंवा बैलजोडी असेल तर वडिलांच्या नकाराचं खरं कारण बहुधा तीच असते, पण ते ती पुढे करत नाहीत, "मला तिकडे करमत नाही" म्हणतात. गावातला चुलतभाऊ किंवा शेजारी यांच्याशी थेट बोला: गाय त्यांच्या गोठ्यात, कडबा आणि ढेप आपली, दूध त्यांचं. हा सौदा सगळ्यांना परवडतो. त्यांनी होकार दिल्यावरच त्यांचं नाव पत्रात घाला.

३. नकाराची कारणं आधी कागदावर मांडा

वडील काय म्हणतील आणि त्यामागे काय असेल, हे लिहून काढा. बहुतेक घरांत हीच चार निघतात.

"लेकीच्या घरचं खायचं नसतं." जुन्या माणसांच्या मनात हे पक्कं असतं. वाद घालून ते निघत नाही. त्यांना घरात काहीतरी आणू द्या, म्हणजे ते ओझं हलकं होतं. आपल्या उदाहरणात वडिलांच्या शेतात तूर आहे, तर घरातली डाळ त्यांची. चार माणसांच्या घरात महिन्याला तीन किलोच्या आसपास डाळ लागते, पाचवं माणूस धरलं तर चार. साडेतीन महिन्यांना पंधरा किलो पुष्कळ झाली. पत्रात तो आकडाच लिहा. "काहीतरी आणा" म्हटलं तर तो उपचार वाटतो. "पंधरा किलो डाळ करून आणा, आम्ही इथे विकत घेणार नाही" म्हटलं की ते काम होतं.

"घर बंद राहील." संध्याकाळी दिवा कोण लावणार, हा यातला खरा प्रश्न. किल्ली आणि दिवाबत्ती ज्याच्याकडे द्यायची त्याच्याशी बोलून घ्या, आणि लाईट बिल तुम्ही मोबाईलवरून भरणार हे लिहा.

"मला जमणार नाही शहरात." याचा अर्थ बऱ्याचदा संडासाचा असतो. गुडघे दुखत असतील तर कमोड बरा, पण आयुष्यभर भारतीय पद्धत वापरलेल्या माणसाला तो नको असतो, आणि हे लेकीजवळ बोलता येत नाही. घरात काय आहे ते पत्रात सरळ एका वाक्यात सांगा, म्हणजे त्यांना विचारावं लागत नाही. कितवा मजला, लिफ्ट आहे का, खाली बसायला जागा आहे का, हेही.

"मनात आलं तर परत कसा येऊ?" हे कुणीच तोंडाने विचारत नाही, आणि चारांतलं हेच सगळ्यांत मोठं. परतीचा रस्ता त्यांच्या स्वतःच्या हातात आहे हे दाखवावं लागतं. इथे एसटी कामाला येते. वयाची ७५ पूर्ण झालेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास २०२२पासून मोफत आहे, ६५ ते ७५ वयाला निम्मं तिकीट. ७६ वर्षांचा माणूस आधार कार्ड खिशात घालून नाशिकहून धुळे आणि धुळ्याहून अमळनेर कोणाला न विचारता, एक रुपया न मागता जाऊ शकतो. ही ओळ पत्रात हवीच.

४. कागद, पेन, पाकीट

रेघांचा फुलस्केप कागद घ्या, एका बाजूला, एक रेघ सोडून, जाड निबाच्या काळ्या किंवा निळ्या पेनाने लिहा. मोतीबिंदूच्या डोळ्यांना जेलपेनची बारीक अक्षरं दिसत नाहीत, आणि मागच्या पानाची शाई पुढे उमटली तर मुळीच नाही. खाली दिलेलं पत्र असं लिहिलं तर तीन-चार पानं होतात. त्याहून मोठं करू नका. वडिलांना वाचता येत नसेल तर पत्र दुसरं कोणी वाचून दाखवणार, मग त्या माणसाच्या कानावर पडू नये असं काही त्यात घालू नका.

साधं पाकीट, पाच रुपयांचं तिकीट, पूर्ण पत्ता पिनकोडसह. पाच रुपयांत वीस ग्रॅमपर्यंत जातं, चार फुलस्केप कागदांना पाकिटासकट तेवढं पुरेल की नाही याची शंका असेल तर पोस्टात वजन करून घ्या. स्पीड पोस्टने पाठवायचा मोह होईल, तो टाळा. गावात सही करून घ्यायचं पाकीट म्हणजे बँकेची नाहीतर कोर्टाची नोटीस. पोस्टमन दारात सही मागतोय हे चार जण बघतात, आणि पत्र उघडण्याआधीच वडिलांचा जीव खालीवर होतो. भाऊ किंवा कोणी नातेवाईक गावी जाणार असेल तर त्याच्या हाती द्यायलाही हरकत नाही, पण पाकीट चिकटवून.

५. पत्र

हा पूर्ण नमुना आहे. तपशील तुमचे घाला, क्रम शक्यतो हाच ठेवा: खुशाली, मागणं आणि तारखा, राहण्याची सोय, गावाकडची सोय, त्यांचा वाटा, परतीचा रस्ता. मागणं पहिल्याच पानावर यायला हवं. ते शेवटी ठेवलं तर आधीची खुशाली वाचताना "हिला काय मागायचंय" अशी धाकधूक होत राहते.

> ॥ श्री ॥
>
> नाशिक
> मार्गशीर्ष शु. ८
>
> तीर्थरूप अण्णांस,
> ताईचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.
>
> आम्ही सगळे ठीक आहोत. थोरलीची सहामाही झाली. धाकट्याचा पुढचा दात पडला, तो त्याने तुम्हाला दाखवायला डबीत ठेवला आहे. वेचणीला बाया मिळाल्या का? तुरीला शेंगा चांगल्या धरल्यात असं दादा सांगत होता.
>
> पत्राचं कारण असं. तुरीचं खळं उरकलं आणि कापूस मोजला गेला की तुम्ही आमच्याकडे राहायला यावं, असं आम्हा दोघांच्या मनात आहे. संक्रांत गावात करा. त्यानंतर तुम्ही सांगाल त्या रविवारी मी न्यायला येते. आखाजीच्या चार दिवस आधी आपण परत गावी जाऊ. आईची घागर आपल्या घरातच भरायची. पुढे इकडे राहायचं की तिकडे, ते तुम्ही तेव्हा ठरवा. तुम्ही जे ठरवाल त्यावर मी वाद घालणार नाही.
>
> इथली सोय सांगते. मागची खोली तुमची. मुलं आता हॉलमध्ये अभ्यास करतात, ते आम्ही दिवाळीनंतरच बदललं, तुमच्यामुळे कोणाची अडचण झाली असं नाही. खोलीला पूर्वेची खिडकी आहे. आपल्या घरी आहे तशीच लाकडी खाट घेतली आहे, गादी कापसाची. संडास दोन आहेत, तुमच्या खोलीजवळचा आपल्यासारखाच आहे, भिंतीला धरायला दांडी बसवून घेतली आहे. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट आहे. खाली मारुतीचं देऊळ आहे, संध्याकाळी तिथे तुमच्या वयाची माणसं बसतात. त्यातले दोघे आपल्याकडचे आहेत, एक शिरपूरचे आणि एक एरंडोलचे.
>
> सकाळी आम्ही सगळे आठला बाहेर पडतो आणि मुलं दीडला येतात, तेवढा वेळ घरात कोणी नसतं. हे आधीच सांगते. तुमचा चहा थर्मासमध्ये असेल. भाकरी मी सकाळीच करून ठेवीन, कळण्याचं पीठ इथे मिळतं.
>
> गायीचं मी नानाकाकांशी बोलले आहे. ते त्यांच्या गोठ्यात बांधतील. कडबा-ढेप आपली, दूध त्यांचं. काकू रोज संध्याकाळी आपल्या देवापुढे दिवा लावतील, किल्ली त्यांच्याकडे राहील. लाईट बिल मी इथून भरते. दादाशी सगळं बोलणं झालं आहे. तो होळीला सुरतहून गावी येणार आहे, तेव्हा घर आणि वावर बघून जाईल.
>
> एक काम तुमच्याकडे आहे. येताना पंधरा किलो तुरीची डाळ करून आणा. आखाजीपर्यंत आपल्या घरी तीच शिजेल, मी इथे डाळ भरणार नाही. आणि बिबडे शिल्लक असतील तर तेही.
>
> तुमचे पैसे तुमच्याच खात्यात राहू द्या. पासबुक तुमच्याजवळ ठेवा. मला कशावर सही नको आणि कुठला कागद नको.
>
> मध्येच करमलं नाही तर आखाजीपर्यंत थांबलंच पाहिजे असं नाही. तुम्हाला एसटी माफ आहे. इथून धुळ्याची गाडी दिवसभर असते. मला सांगून निघा म्हणजे डबा देईन, एवढंच.
>
> उत्तराची घाई नाही. संक्रांतीपर्यंत कधीही फोन करा, नाहीतर दादाजवळ सांगा.
>
> तुमची
> ताई
>
> ती. मामांस सा. नमस्कार. ताईने लिहिलं ते आम्ही दोघांनी बसून ठरवलं आहे. खोली तयार आहे. मला रविवारी सुट्टी असते, मंडईत बरोबर जायला कोणीतरी हवंच आहे. न्यायला आम्ही दोघंही येऊ. आपण नक्की यावं.

६. या पत्रात काय नाही, आणि का

"एकटे आहात, काळजी वाटते" असं कुठेही नाही. लेकीला ते मायेचं वाटतं, बापाला ते दुबळेपणाचं प्रमाणपत्र वाटतं. "आईलाही हेच आवडलं असतं" हेही नाही. गेलेल्या माणसाची साक्ष काढली की समोरच्याला नाही म्हणायची सोय उरत नाही, आणि तसा मिळालेला होकार पंधरा दिवसांत परत जातो. आईचा उल्लेख एकदाच आला आहे, घागरीपुरता, आणि तिथे तो कामाचा आहे.

"मुलांना सांभाळायला कोणीतरी हवं" असं लिहू नका, खरं असलं तरी. कामासाठी बोलावलं हे एकदा मनात बसलं की निघत नाही. डाळ आणणं किंवा मंडईत बरोबर जाणं ही त्यांना न करण्याची मोकळीक असलेली कामं आहेत. सकाळची शाळेची बस गाठणं हे तसं नाही.

घरात साडेपाच तास एकटं राहावं लागेल हे मात्र लिहिलं आहे. गैरसोय लपवली तर पहिल्याच आठवड्यात ती उघडी पडते आणि मग सोयींवरचाही विश्वास जातो. थोरली दहावीला असेल, घरात परीक्षेचं ताणलेलं वातावरण असेल, तर तेही एका ओळीत सांगून टाका.

आईवडिलांच्या सांभाळाचा २००७चा कायदा मुलगा आणि मुलगी दोघांनाही लागू आहे, हे माहीत असू द्या, पत्रात आणू नका. "कायद्यानेही माझं कर्तव्य आहे" हे वाक्य वाचून कोणाचाही बाप पिशवी भरत नाही.

७. पत्र गेल्यावर

पोहोचलं का, एवढं विचारायला आठवड्याने एक फोन करा. "काय ठरवलं?" विचारू नका.

होकार क्वचितच "येतो" या शब्दात येतो. "डाळ पंधरा किलो कशाला लागते तुम्हाला?" असा प्रश्न आला तर तो होकार समजा. गाय नानाकाकांकडे नको, दुसऱ्या कोणाकडे बांधू, असं म्हणाले तर तोही होकारच, फक्त गायीचा बंदोबस्त त्यांच्या मर्जीने करा. "पोरांना सुट्टी लागली की बघू" हा मात्र नकार आहे, कारण सुट्टी आखाजीच्या सुमाराला लागते आणि तेव्हा परत यायची वेळ झालेली असते. अशा वेळी काळ छोटा करून पुन्हा विचारा: महाशिवरात्रीपासून होळीपर्यंत. एवढं दुसऱ्या पत्रात लिहा, एका पानात, बाकी काही न उगाळता. भावाच्या तोंडून नकार आला तर आधी भावाकडे जा, अडलेलं तिथेच असतं.

८. निघताना बरोबर घ्यायचं

कागद एका प्लास्टिकच्या पाकिटात, आणि ते पाकीट वडिलांच्याच पिशवीत:

- आधार कार्ड मूळ. त्यावरचा पत्ता बदलू नका, एवढ्या दिवसांसाठी गरज नाही आणि गावाकडच्या कामांत घोळ होतो.
- बँकेचं पासबुक आणि एटीएम असेल तर ते.
- रेशनकार्डाची झेरॉक्स. आधार जोडलेलं असेल तर बोटाच्या ठशावर नाशिकच्या दुकानातही धान्य मिळतं. मूळ कार्ड गावी राहू द्या.
- चालू औषधांची चिठ्ठी, जुने रिपोर्ट, आणि महिनाभराच्या गोळ्या. गावचे डॉक्टर देतात त्याच कंपनीची गोळी शहरात लगेच मिळेलच असं नाही.
- सत्तर वर्षांपुढच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड. काढलं नसेल तर आधारवर निघतं, उत्पन्नाची अट नाही, योजनेतल्या रुग्णालयांत वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार त्यावर होतात.
- चष्मा, काठी, कानाचं यंत्र आणि त्याचे सेल.

मोबाईलचं सिमकार्ड जुनंच ठेवा आणि त्याचा रिचार्ज संपू देऊ नका. पीएम किसानच्या पैशांपासून बँकेपर्यंत सगळे ओटीपी त्यावर येतात. "शहरात रेंज चांगली मिळते" म्हणून नवा नंबर घेऊन दिला आणि जुना बंद पडला, तर हे सगळं अडून बसतं.

सामान दोन पिशव्यांपेक्षा जास्त होऊ देऊ नका. ट्रंक निघाली की गल्लीत "गेले कायमचे" असं होतं, आणि ते वडिलांच्या कानावर पडतं.

९. आखाजीला ते "राहतो तिकडेच" म्हणाले तर

तेव्हाच्या तेव्हा दोन गोष्टी गावात बसून करायच्या, भाऊ हजर असताना. एक, जमीन. निम्म्या हिश्शाने द्या किंवा ठोक्याने द्या, पण एका आखाजीपासून दुसऱ्या आखाजीपर्यंतच. कूळ लागेल ही भीती जुन्या माणसांना असते, त्यामुळे कसणाऱ्याशी बोलणं वडिलांनी स्वतः करावं. पावसाळ्यात ई-पीक पाहणी चुकवू नका, ती वडिलांच्या खात्यावर नोंदवावी लागते आणि त्यासाठी कोणीतरी मोबाईल घेऊन वावरात उभं राहून फोटो काढावा लागतो. सातबाऱ्यावर पीक लागलं नाही तर नुकसानभरपाई आणि कापसाची सरकारी खरेदी दोन्ही अडतात. हे काम भावाचं की कसणाऱ्याचं, ते नाव घेऊन ठरवा.

दुसरी, पुढच्या फेऱ्या. श्रावणात कानबाईच्या रोटाला भाऊबंदकीत हजर राहायचं, आणि वेचणी सुरू झाली की आठ-दहा दिवस गावी जायचं, हे कॅलेंडरवर वडिलांच्या हातानेच लिहून घ्या. गावचं घर त्या दिवसांत झाडून, पाणी भरून तयार ठेवायला काकूंना आधी दोन दिवस फोन करा.